'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंमधले रिटचिंग कसे ओळखावे?

प्रश्न: "आमच्या इथल्या पार्लरमध्ये वांगाच्या डागांवरच्या एका क्रीमचा फ्लेक्स लागला आहे. डावीकडे 'आधी' आणि उजवीकडे 'चार आठवड्यांनंतर' असे एकाच बाईचे दोन फोटो आहेत. बहीण ते क्रीम घ्यायला निघाली आहे. फोटो एडिट केला आहे का, हे घरच्या घरी कसे कळेल? आणि असा फोटो छापताना 'एडिट केलेला' असे लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही का?"

उत्तर:

मी मुंबईत जाहिरातींच्या फोटोंचे रिटचिंग करतो आणि या कामाला आता बावीस वर्षे होत आली आहेत. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की फोटोला हात लागला आहे का, एवढेच विचारले तर उत्तर जवळजवळ नेहमीच 'हो' असे येईल. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक फोटोवर काहीतरी काम होते: पार्श्वभूमीवरची धूळ काढली जाते, सुटलेले केस आवरले जातात, रंग छपाईला जुळवून घेतला जातो. त्यात ग्राहकाची फसवणूक होत नाही. क्रीम डाग घालवते असा दावा असेल, तर हात नेमका डागांवर फिरला आहे का, हे तपासायचे असते. बाकीच्या रिटचिंगकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

दुसरी गोष्ट तुमच्या हातात फोटोची कोणती प्रत आहे यावर अवलंबून आहे. फ्लेक्स लांबून पाहण्यासाठी छापलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून तो मोठा केलात, तर तुम्हाला त्वचा दिसणार नाही, छपाईचे ठिपके दिसतील. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रतही उपयोगाची नाही, कारण पाठवताना फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यात त्वचेचा बारीक पोत सर्वांत आधी नाहीसा होतो. बऱ्याच मोबाइलचे कॅमेरे तर फोटो काढतानाच चेहरा गुळगुळीत करून देतात. म्हणून गुळगुळीतपणा एवढाच पुरावा धरू नये. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा विक्रीच्या पानावर तीच जोडी बहुधा सापडेल. मिळेल तेवढ्या मोठ्या आकारात ती उतरवून घ्या आणि पुढचे सगळे त्या प्रतीवर करून पाहा.

त्वचेचे काम आम्ही कसे करतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुठे पाहायचे ते कळेल. पूर्वी चेहरा सरळ धूसर केला जायचा आणि तो प्लास्टिकच्या बाहुलीसारखा दिसायचा, त्यामुळे कोणालाही ओळखता येई. आता फोटोचे दोन थर वेगळे केले जातात. एका थरात रंध्रे, लव, बारीक सुरकुत्या असा पोत राहतो आणि दुसऱ्यात रंग व सावली. डाग हा मुख्यतः रंगाच्या थरात असतो. तो तिथे पुसला की वरचा पोत जसाच्या तसा राहतो. म्हणूनच 'रंध्रे दिसत आहेत, म्हणजे फोटो खरा आहे' हा समज चुकीचा आहे. चांगल्या रिटचरच्या कामात रंध्रे दिसतातच.

पण घाईत किंवा स्वस्तात केलेल्या कामात चुका राहतात आणि त्या ठरावीक ठिकाणी सापडतात. खऱ्या चेहऱ्यावर नाकाची रंध्रे मोठी असतात, गालाची त्याहून बारीक आणि डोळ्याखाली ती जवळजवळ दिसत नाहीत. सगळीकडे एकसारखा पोत दिसला, तर तो एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसवलेला असू शकतो. जबड्याच्या कडेला मागून प्रकाश येत असेल, तर तिथे लव चमकताना दिसली पाहिजे. कडा धारदार आणि अगदी स्वच्छ असेल, तर तिथून ब्रश फिरला आहे. मी स्वतः सर्वांत आधी कान आणि मान पाहतो, कारण चेहऱ्यावर तासभर काम करणारा माणूसही कानाची पाळी विसरतो. 'नंतर'च्या फोटोत चेहरा उजळ, सपाट आणि एकसारखा झाला आहे, पण कान व गळा मात्र 'आधी'च्याच रंगाचे आहेत, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. अर्थात क्रीम फक्त चेहऱ्याला लावले होते असे उत्तर त्यावर देता येते, त्यामुळे ही खूण संशयापुरतीच धरावी.

रिटचिंगचा विचार करण्याआधी प्रकाश मात्र जरूर पाहा, कारण पुष्कळदा संगणकाला हात न लावताच फरक दाखवला जातो. बाजूने आणि कडक प्रकाश टाकला की त्वचेवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि चेहरा थकलेला, खडबडीत दिसतो. समोरून सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढऱ्या कापडाने झाकलेल्या मोठ्या दिव्याचा, मऊ प्रकाश टाकला की तीच त्वचा त्याच मिनिटाला पाच वर्षांनी तरुण दिसते. हे ओळखण्यासाठी डोळ्यांच्या बुबुळांत पडलेले दिव्याचे प्रतिबिंब पाहा. एका फोटोत ते लहानसा बिंदू असेल आणि दुसऱ्यात मोठा चौकोन किंवा गोल असेल, तर दिवाच बदलला आहे. मग त्या दोन फोटोंची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

आता तुमच्या जोडीसाठी जी तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते, ती सांगतो. तिच्यामागे माझाच एक जुना अनुभव आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी अशाच एका क्रीमचे काम आमच्या स्टुडिओत आले. मॉडेलचा फोटो एकच होता, स्वच्छ चेहऱ्याचा. आम्हाला सांगितले गेले की हा 'नंतर'चा फोटो आहे आणि 'आधी'चा यावरूनच तयार करा. मी गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग रंगवले, डोळ्याखाली थोडे काळे केले, चेहऱ्याचा रंग जरासा मळकट केला आणि फोटो पाठवून दिला. त्या बाईंना वांग कधी झालेच नव्हते. तेव्हा मी नोकरीत नवखा होतो आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करायला हवे. आज हे काम मी घेणार नाही.

अशा जोडीचे गुपित केसांत असते. चार आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंत कपाळावर आलेली केसांची बट त्याच जागी, त्याच वळणाने पडू शकत नाही. भुवईचा एकेक केस, पापण्यांची एकमेकांवरची आडवीतिडवी मांडणी, कानातल्याचा कल, गळ्याच्या कपड्याची चुणी, यांतले काहीही तंतोतंत जुळत नाही, मग मॉडेल कितीही स्थिर बसो. हे सगळे जुळत असेल, तर दोन्ही फोटो म्हणजे एकच फोटो आहे आणि डाग संगणकावर घातले किंवा काढले आहेत.

मोबाइलवरही हे पाहता येते. दोन्ही चेहरे वेगवेगळे कापून घ्या आणि दोन्हींत डोळे एकाच उंचीवर, चेहरा त्याच आकाराचा येईल असे करा. मग गॅलरीत एकामागून एक ठेवून बोटाने पटापट पुढे-मागे सरकवा. वेगळे फोटो असतील तर सगळा चेहरा उडी मारल्यासारखा हलतो. एकच फोटो असेल तर केस, डोळे, नाक जागच्या जागी राहतात आणि फक्त गालावरचे डाग येतात-जातात. हे एकदा दिसले की पुन्हा विसरता येत नाही.

संगणकावर खात्री करून घ्यायची असेल, तर GIMP हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. एक फोटो दुसऱ्यावर लेयर म्हणून ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड Difference करा. या मोडमध्ये दोन्ही लेयरमधला फरक तेवढा उरतो, आणि जिथे दोन्ही सारखे आहेत तिथे काळे दिसते. वरचा लेयर हळूहळू सरकवत नेलात की एका क्षणी केस, डोळे आणि कपडे एकदम काळ्यात विरून जातील आणि फक्त डागांचे आकार उजळ राहतील. फोटो दाबताना आलेला थोडा करडा कचरा राहील, त्याकडे लक्ष देऊ नका. फोटो खरोखर वेगळे असतील, तर कितीही सरकवले तरी चेहऱ्याच्या दुहेरी कडा दिसत राहतात. कधीकधी ओळखू येऊ नये म्हणून एक फोटो आरशासारखा उलटा केलेला असतो किंवा दोन-तीन अंशांत फिरवलेला असतो. तीळ डाव्या गालावरून उजव्या गालावर गेलेला दिसला, तर आधी एक फोटो उलटा करून घ्या आणि मग तपासा.

एकच फोटो आहे हे ठरल्यावर डाग घातले की काढले, हेही बहुधा सांगता येते. त्वचेवरची चमक हा पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश असतो, आणि वांगाचा रंग त्वचेच्या आत असतो. त्यामुळे खऱ्या डागावर प्रकाश पडला, तर डाग गडद दिसतो, पण त्याच्या वरची पांढरी चमक तशीच राहते. ब्रशने रंगवलेला डाग मात्र बहुतेक वेळा चमकेलाही तपकिरी करून टाकतो, कारण रंगवणारा चमकेवरूनच ब्रश फिरवतो. गालाच्या हाडावर, जिथे सर्वांत जास्त चमक असते, तिथे मोठे करून पाहा. माझ्या त्या जुन्या कामात हीच चूक होती. ती मला बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कोणाचे काम तपासताना उमगली.

एका मर्यादेची आठवण ठेवा. दोन्ही फोटो वेगळे निघाले, तर जाहिरात प्रामाणिक आहे असे सिद्ध होत नाही. प्रकाश, मेकअप किंवा वेगळ्या थरांवर केलेले नीट काम त्यातही असू शकते. आणि फोटो एकच निघाला, तरी क्रीम निरुपयोगी आहे असे त्यावरून ठरत नाही. क्रीमचा परिणाम म्हणून दाखवलेली गोष्ट घडलेली नाही, एवढेच त्यावरून कळते.

इंटरनेटवर सुचवल्या जाणाऱ्या दोन उपायांवर फार विसंबू नका. पहिला उपाय फाइलमधली माहिती वाचण्याचा. तिथे Photoshop असे नाव दिसले की लोक उडी मारतात, पण फोटो नुसता लहान करून साठवला तरी ते नाव येते, आणि संकेतस्थळावर चढवताना बहुतेक वेळा ही माहिती पुसलीच जाते. नाव असणे आणि नसणे, दोन्हींतून फारसे काही निघत नाही. दुसरा उपाय म्हणजे फोटोचा कुठला भाग वेगळ्या प्रमाणात दाबला गेला आहे हे रंगीत ठिपक्यांत दाखवणारी संकेतस्थळे. त्यांत कोणतीही धारदार कडा, ठळक अक्षर किंवा भडक रंग उजळ दिसतो. ज्याला ते वाचता येत नाही, त्याला प्रत्येक फोटो खोटा वाटतो.

आता कायद्याचा भाग. रिटच केलेल्या फोटोवर तसे लिहिलेच पाहिजे, असा खास नियम भारतात जाहिरातींना नाही. काही देशांत आहे, पण त्याची व्याप्ती देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचे शरीर सॉफ्टवेअरने बारीक किंवा जाड केले असेल, तर 'रिटच केलेले छायाचित्र' असे लिहावे लागते, आणि न लिहिल्यास ३७,५०० युरोपर्यंत दंड आहे. दंड जाहिरातीवरच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतही नेता येतो. परंतु तो नियम शरीराच्या बांध्यापुरता आहे. तुमच्या फ्लेक्ससारख्या फोटोत त्वचेवरचे डाग पुसले, तर तो नियम लागू होत नाही. इस्रायलमध्ये २०१३ पासून असाच नियम आहे, तोही बारीक दाखवण्याशी निगडित आहे, आणि तिथे सूचनेने जाहिरातीची किमान ७ टक्के जागा व्यापली पाहिजे. नॉर्वेने जुलै २०२२ पासून आकाराबरोबर त्वचाही नियमात घेतली आणि सर्वांसाठी एकच ठरावीक चिन्ह ठेवले. म्हणजे डाग पुसलेले असतील, तर तिथे हा फ्लेक्स चिन्हाशिवाय लावता आला नसता.

शरीराचा आकार बदललेला ओळखणे त्यामानाने सोपे असते, म्हणून तेही जाता जाता सांगतो. कंबर आत ढकलली की तिच्यामागची सरळ रेघही थोडी आत येते. म्हणून चौकट, फरशीचे सांधे, साडीचे काठ पाहावेत. मागे कोरा कागद लावलेला असेल, तर मात्र ही खूणही राहत नाही.

या सगळ्या देशांच्या नियमांपेक्षा ब्रिटनचा मार्ग मला अधिक व्यवहारी वाटतो. तिथे रिटचिंगवर सूचना छापण्याची सक्ती नाही, पण ज्या गुणासाठी वस्तू विकली जाते, त्याच गुणावर रिटचिंग केले, तर जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. सुरकुत्यांच्या क्रीमसाठी डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या पुसायच्या नाहीत, मस्कारासाठी पापण्या लांबवायच्या नाहीत. कोपऱ्यात बारीक ओळ छापून ही दिशाभूल धुऊन निघत नाही. २०११ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने फाउंडेशनच्या दोन जाहिराती बंद केल्या, एक लँकोमची आणि एक मेबलिनची. मेबलिनच्या बाबतीत कंपनीनेच त्वचा उजळ करणे, डोळ्याभोवतीच्या सावल्या कमी करणे, ओठ गुळगुळीत करणे अशी कामे मान्य केली होती. लँकोमच्या बाबतीत, जाहिरातीतल्या अभिनेत्रीशी झालेल्या करारामुळे रिटचिंगच्या आधीचा फोटो नियामकाला दाखवला गेला नाही, आणि परिणाम अतिशयोक्त नाही हे कंपनीला सिद्ध करता आले नाही. तक्रारदाराला तिथे रिटचिंग सिद्ध करावे लागले नाही.

सूचनेच्या चिठ्ठीबद्दल माझी शंका तिथूनच येते. 'फोटो रिटच केलेला आहे' असे वाचल्याने पाहणाऱ्याचे स्वतःच्या शरीराबद्दलचे असमाधान कमी होते का, यावर बरेच प्रयोग झाले आहेत आणि बहुतेकांत तसे आढळले नाही. नेमका कोणता अवयव बदलला आहे हे लिहिल्यास नजर उलट त्याच अवयवाकडे वळल्याचेही दिसले आहे. शिवाय सगळेच फोटो रिटच केलेले असताना सर्वांवर चिठ्ठी लावली, तर ती कोणी वाचणार नाही.

भारतातही तुमच्या बाजूने पुरेसे आहे, फक्त ते वेगळ्या नावाने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचे खोटे वर्णन, खोटी हमी आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणे हे तिच्यात येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशी जाहिरात बंद करू शकते आणि उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. त्याच प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जाहिरातीतली तळटीप मुख्य दाव्याशी विसंगत नसावी, दिशाभूल करणारा दावा तिने सावरू नये, आणि ती दाव्याच्याच भाषेत असावी. फ्लेक्सच्या तळाशी इंग्रजीत 'क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन' असे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले असेल आणि दावा मराठीत ठळक असेल, तर ती ओळ कंपनीला वाचवण्याऐवजी तिच्याविरुद्धचाच मुद्दा होते. ती ओळ आहे का, ते पाहून घ्या.

तक्रार करायची ठरवलीत, तर पार्लरच्या बाईंशी वाद घालू नका. फ्लेक्स त्यांना वितरकाकडून आलेला असणार. फ्लेक्सचा संपूर्ण फोटो घ्या, त्यात तळटीप वाचता येईल असा एक जवळचा फोटोही असू द्या, आणि तारीख व जागा लिहून ठेवा. संकेतस्थळावरची जोडी पत्त्यासह साठवा, कारण तक्रारीचा वास आला की पाने बदलतात. Difference करून आलेले चित्र जोडा आणि एवढेच लिहा की 'आधी' आणि 'चार आठवड्यांनंतर' म्हणून दाखवलेले फोटो एकाच छायाचित्राचे आहेत, तरी मूळ फाइली मागवाव्यात. क्रीम चांगले की वाईट यावर काहीही लिहू नका, ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. ही तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. जाहिरात क्षेत्राची स्वनियामक संस्था आस्की मुंबईत आहे आणि ती ऑनलाइन तक्रार घेते. तिच्या संहितेनुसार दाव्याचा पुरावा जाहिरातदाराने द्यायचा असतो.

बहिणीचे म्हणाल, तर वांग गर्भारपणात, संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे आणि उन्हाने वाढते, आणि डाग चट्कन उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणे आहेत. फोटो खरा ठरो वा खोटा, क्रीमच्या डबीवर घटकांची यादी नसेल तर ते घेऊ नये, आणि डाग एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावेत.